पॅसेज अरुंद आहे? रंगवण्याआधी हे वाचा

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधला पॅसेज सोळा फूट लांब आणि सव्वातीन फूट रुंद आहे. छत साडेनऊ फुटांवर. डावीकडे संडास आणि बाथरूम, उजवीकडे स्वयंपाकघर आणि बेडरूम, समोर कोरी भिंत. खिडकी एकही नाही. सासूबाई रात्री उठल्या की भिंतीला हात लावत लावत जातात, त्यामुळे खांद्याखाली दोन्ही बाजूंना तेलकट पट्टा उमटलेला असायचा.

हा पॅसेज मी दोनदा रंगवून घेतला. पहिल्या वेळी पेंटरदादा म्हणाले, "ताई, पांढराच मारा, जागा मोठी दिसेल." मी मान डोलावली. खाली तीन फूट उंचीपर्यंत, हाताचे डाग दिसू नयेत म्हणून, तपकिरी ऑइलपेंटचा पट्टा मारला. काम संपल्यावर पॅसेज आधीपेक्षा लांब आणि अरुंद दिसू लागला. दुसऱ्या वेळी मी आधी तो बोगद्यासारखा का दिसतो हे समजून घेतलं, आणि बरंचसं काम स्वतः केलं. ते इथे क्रमाने लिहिते आहे, म्हणजे तुमचा पहिल्या वेळचा खर्च वाचेल.

१. आधी पॅसेजच्या तोंडाशी उभं राहून बघा

हॉलमधून पॅसेजकडे तोंड करून उभ्या राहा आणि तुमच्यापासून दूर पळणाऱ्या रेषा मोजा. छत आणि भिंत जिथे मिळते तिथे दोन, स्कर्टिंगच्या वरच्या कडेला दोन. आमच्याकडे तपकिरी पट्ट्याच्या वरच्या कडेने आणखी दोन. या सगळ्या रेषा समोरच्या एका बिंदूकडे धावतात, त्यामागे नजर धावते, आणि टोक प्रत्यक्षापेक्षा लांब वाटतं. टोक जितकं लांब भासेल तितकी रुंदी कमी भासते. रंगाने भिंती सरकत नाहीत. पण या पळत्या रेषा पुसता येतात आणि टोक जवळ आणता येतं. पुढचं सगळं काम याच दोन गोष्टींसाठी आहे.

आता दारांकडे बघा. समोरून पाहिलं तर दार भिंतीचा छोटा भाग आहे. पण पॅसेजच्या तोंडाशी उभं राहिल्यावर भिंत तिरकी दिसते, दारांमधलं अंतर आक्रसतं, आणि चार गडद दारं मिळून दोन्ही बाजूंना काळसर पट्टा तयार होतो. पांढऱ्या भिंती असूनही आमचा पॅसेज अंधारा का दिसायचा याचं अर्धं उत्तर त्या गडद तपकिरी दारांत होतं.

उरलेलं अर्धं उत्तर पांढऱ्या रंगात. पांढरा रंग उजेड परत फेकतो, पण परत फेकायला आधी उजेड तरी हवा. एकाच टोकाला ट्यूबलाइट असेल तर पलीकडच्या टोकाला पांढऱ्याचा राखाडी होतो, कोपऱ्यांत तर सिमेंटसारखा. म्हणून रंग निवडण्याआधी दिव्याचं ठरवा. आम्ही एका टोकाची ट्यूब काढून छतावर समान अंतराने तीन छोटे दिवे लावले, ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. वायरिंगसाठी भिंत फोडायची असेल तर ती रंगाच्या आधीच फोडली जाते, हा आणखी एक फायदा.

२. ओल आहे का ते तपासा

पॅसेजची एक भिंत बहुतेक वेळा बाथरूमची असते, आणि पोपडे तिथूनच सुरू होतात. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. काढताना आतल्या बाजूला दव धरलेलं दिसलं किंवा तिथली भिंत गडद झाली असेल, तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती नुसती हवेतली आर्द्रता आहे.

आतून ओल असेल तर रंग थांबवा. नळाची गळती किंवा टाइल्सच्या सांध्यांतली फट आधी दुरुस्त करून घ्या आणि भिंत वाळू द्या. ओलसर भिंतीवर वॉटरप्रूफ म्हणून मिळणारा रंग मारला तरी पाणी मागून ढकलतं आणि फुगे येतात. पावसाळ्यात हे काम काढूच नका. कोकणपट्टीच्या दमट हवेत पुट्टी दोन-दोन दिवस वाळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

३. रंग बुटांच्या खोक्यात बघा

हा टप्पा कोणी सांगत नाही, आणि अरुंद जागेत हाच सगळ्यात महत्त्वाचा.

मला सायीसारखा मोतिया रंग आवडला होता. शेड कार्डावर अगदी हलका, हॉलमध्ये नमुना लावला तिथेही छान. पॅसेजच्या दोन्ही समोरासमोरच्या भिंतींवर नमुना लावला तेव्हा मात्र तो हळदीकडे झुकला. कारण असं, की दिव्याचा उजेड एका भिंतीवर पडतो, तिचा रंग घेऊन समोरच्या भिंतीवर जातो, तिथून पुन्हा परत येतो. हॉलमध्ये भिंती एकमेकींपासून दूर असतात, त्यामुळे याचा परिणाम जाणवत नाही. सव्वातीन फुटांत उजेड इकडून तिकडे आपटत राहतो आणि प्रत्येक फेरीत रंग दाट होतो. पिवळा, गुलाबी, पिस्ता यांसारख्या रंगांत हे चटकन दिसतं.

म्हणून असं करा. बुटांचं खोकं घ्या, एक आखूड बाजू कापून टाका, आणि उरलेली आतली सगळी बाजू, झाकणासकट, नमुन्याच्या डबीतल्या रंगाने दोनदा रंगवा. वाळल्यावर झाकण लावा, झाकणाला एक छोटं भोक पाडून वरून मोबाइलचा टॉर्च धरा आणि उघड्या बाजूने आत डोकावा. आत जो रंग दिसेल तोच पॅसेजमध्ये दिसणार, कार्डावरचा नाही. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, म्हणून शेवटचा निर्णय घेताना खोकं पॅसेजमधल्या नव्या दिव्याखाली नेऊन रात्री पुन्हा बघा.

मी चार खोकी रंगवली. शेवटी मोतियाच्याच पट्टीवरची सगळ्यात वरची, म्हणजे दोन पायऱ्या फिकट शेड घेतली. कार्डावर ती जवळजवळ पांढरी दिसते. पॅसेजमध्ये ती बरोबर सायीसारखी दिसते.

४. कुठे कोणता रंग

लांब भिंती: वर सांगितलेली फिकट शेड. मधे पट्टा नको, बॉर्डर नको, आडवं डिझाइन नको. पॅसेजच्या लांबीने धावणारी कुठलीही पट्टी त्याला आणखी ओढते. आडवे पट्टे खोली रुंद करतात असं ऐकलेलं असतं, पण ते समोरच्या भिंतीवर खरं आहे. बाजूच्या भिंतीवर तोच पट्टा नजरेला टोकाकडे घेऊन पळतो.

छत: भिंतीचाच रंग. छत पांढरं ठेवायची आपली सवय आहे, पण तिथे पांढरा आणि भिंतीचा रंग यांमध्ये दोन स्पष्ट रेघा उमटतात. एकच रंग मारला की त्या कडा मऊ होतात आणि साडेनऊ फूट उंचीही अंगावर येत नाही. तुमच्याकडे पॅसेजवर माळा असेल आणि डोक्यावर सात फुटांतच छत येत असेल, तरी माळ्याच्या खालच्या बाजूला हाच रंग द्या. माळ्याची पुढची उभी पट्टीही त्याच रंगात घ्या, तिला वेगळा रंग दिला तर ती कपाळावर आल्यासारखी दिसते.

समोरची भिंत: इथे गडद आणि उबदार रंग. मी गेरूच्या जवळचा विटकरी निवडला. उजळ आणि थंड रंग दूर वाटतो, गडद आणि उबदार रंग पुढे येतो, म्हणून टोक जवळ भासतं. तो रंग मी कोपऱ्यात थांबवला नाही. दोन्ही बाजूंना पहिली दाराची चौकट कोपऱ्यापासून सव्वा फुटावर होती, तिथपर्यंत वळवून आणला. त्यामुळे फिकट बोगदा सोळा फुटांऐवजी पावणेपंधरा फुटांतच संपतो. गडद भाग थांबवायला चौकटीसारखी नैसर्गिक जागा हवी. भिंतीच्या मधेच सोडला तर तो चुकून राहिल्यासारखा दिसतो.

दोन ठिकाणी हा उपाय चालत नाही. समोर खिडकी असेल तर तिच्याभोवती गडद रंग देऊ नका. झगझगीत खिडकी आणि भोवती काळोख यामुळे डोळे दिपतात आणि बाजूच्या भिंती आणखी काळ्या वाटतात. आणि समोर दार असेल तर दार, चौकट आणि भिंत तिन्ही त्याच गडद रंगात घ्या, नाहीतर दाराचा तुकडा भोकासारखा दिसतो.

दारं: ऑइलपेंटची असतील तर भिंतीच्या शेडच्या जवळ न्या. सागाची पॉलिश केलेली दारं असतील तर मी रंगवायला सांगणार नाही. फक्त चौकटी भिंतीच्या रंगात घेतल्या तरी तो काळसर पट्टा बराच तुटतो.

चमक: हाय ग्लॉस टाळा. छतावरच्या दिव्याचा उजेड अरुंद पॅसेजमध्ये भिंतीवरून घासत खाली येतो, आणि चकचकीत रंगावर प्रत्येक उंचवटा दिसतो. दुसरीकडे अगदी मॅट रंगावरचे हाताचे डाग निघत नाहीत. त्यामुळे लांब भिंतींना धुता येणारा, मंद चमकेचा इमल्शन घ्या. समोरच्या भिंतीला आणि छताला कोणी हात लावत नाही, तिथे पूर्ण मॅट चालतो.

५. किती रंग, काय सामान

हिशोब माझ्या पॅसेजचा देते, तुम्ही तुमची मापं घाला. दोन लांब भिंती मिळून १६ × ९.५ × २ = ३०४ चौरस फूट. चार दारांचे साधारण ७२ वजा, उरले २३२. छताचे ५२ मिळवले की २८४. त्यातून विटकरीत गेलेले २४ वजा केले, फिकट रंगाला राहिले २६०. इमल्शनचा एक लिटर दोन हातांत अंदाजे ६० ते ६५ चौरस फूट भागवतो, म्हणजे चार लिटर आणि वर थोडा. मी चार लिटरचा एक आणि एक लिटरचा एक डबा घेतला. विटकरीचे ३१ आणि २४ मिळून ५५ चौरस फूट. हिशोबाने एक लिटर पुरायला हवा, पण गडद शेडला तिसरा हात लागतोच, म्हणून दोन लिटर.

मशीनवर बनवलेले दोन डबे एकाच कोडचे असले तरी किंचित वेगळे निघू शकतात. फिकट रंगाचे दोन्ही डबे मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या, नाहीतर भिंतीच्या मधोमध फरक दिसेल.

बाकी सामान:

- पाण्याचा प्रायमर, चार लिटर
- अॅक्रेलिक पुट्टी आणि ती लावायला दोन पत्रे, एक रुंद आणि एक बोटभर
- १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर, ऑइलपेंटसाठी वॉटर पेपर
- नऊ इंची रोलर, त्याची लांब काठी, कोपऱ्यांसाठी दोन इंची ब्रश
- मास्किंग टेप, जुन्या चादरी, मास्क, चांगला टॉर्च
- दारांसाठी पाण्यात मिसळणारा इनॅमल

शिडीचा घोडा आणण्याआधी तो पॅसेजमध्ये उघडतो का बघा. आमच्याकडे आडवा उघडलाच नाही, लांबीच्या दिशेने लावावा लागला आणि त्या वेळी बाथरूमचं दार बंद झालं. घरात वयस्कर माणसं असतील तर एका दिवशी एकच भिंत घ्या आणि दुसऱ्या भिंतीला हात लावून जायची वाट मोकळी ठेवा.

६. जुना रंग, पुट्टी, अस्तर

आमचा तपकिरी पट्टा काढताना एक गोष्ट कळली ती आवर्जून सांगते. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. असा पट्टा कोरडा घासलात तर ती धूळ घरभर उडते, आणि लहान मुलांना ती सगळ्यात जास्त बाधते. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलंच घासा, मास्क लावा, मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, आणि खाली जमलेला राडा झाडू न मारता ओल्या फडक्याने उचला. सगळा रंग काढायची गरज नाही. चमक जाऊन पृष्ठभाग खरखरीत झाला की पुरे. पट्ट्याच्या वरच्या कडेला मात्र चढ राहतो, तो पुट्टीने हळूहळू उतरता करून घ्यावा लागतो. नाहीतर नव्या रंगाखालूनही ती रेघ तशीच पळताना दिसते.

पुट्टीत नेहमी होणारी चूक म्हणजे जुन्या रंगावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. ती सिमेंटच्या कोऱ्या गिलाव्यासाठी असते, रंगाच्या थरावर नीट धरत नाही आणि काही महिन्यांत सुटते. जुन्या रंगाच्या भिंतीवर आधी प्रायमरचा हात, मग खड्ड्यांत अॅक्रेलिक पुट्टी, पातळ दोन थरांत. एका थरात जाड भरली तर भेगा पडतात. रात्रभर वाळली की २२० च्या पेपरने घासा आणि घासलेल्या जागी पुन्हा प्रायमर.

रंगाआधी टॉर्चची तपासणी करा. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून लांबीने धरा. प्रत्येक उंचवट्यामागे सावली पडते. पेन्सिलीने गोल करा आणि सकाळी तेवढंच दुरुस्त करा. मला पहिल्याच रात्री तीसेक गोल काढावे लागले, आणि दिवसा मला त्यातला एकही दिसला नव्हता.

७. रंगाचे हात

क्रम असा: छत, लांब भिंती, समोरची भिंत, शेवटी दारं.

रंगात पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. पेंटर लावले असतील तर समोर मोजून घालायला सांगा. जास्त पातळ केला की रंग पुरतो जास्त, पण झाकत नाही, आणि धुतल्यावर निघतो.

अरुंद जागेत रोलरचे शिंतोडे पाठीमागच्या लांब भिंतीवर उडतात. म्हणून रोलर ट्रेमध्ये नीट निथळून घ्या, सावकाश फिरवा आणि त्या भिंतीवर चादर टांगा. भिंत छतापासून खालपर्यंत दोन फुटांच्या पट्ट्यांत घ्या, आणि आधीच्या पट्टीची कड ओली असतानाच पुढची जोडा. चहाला थांबायचं असेल तर दाराच्या चौकटीपाशी थांबा. भिंतीच्या मधे थांबलात तर तिथे वाळलेल्या कडेची रेघ राहते, आणि छतावरच्या दिव्यात ती लपत नाही. दोन हातांमध्ये चार तास, दमट दिवस असेल तर सहा.

फिकट रंग पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, विटकरी घ्या. कड सरळ येण्यासाठी टेप लावल्यावर लगेच विटकरी मारू नका. आधी टेपच्या कडेवरून फिकट रंगाचाच एक हलका हात द्या. टेपखाली जे झिरपायचं ते फिकटच झिरपेल आणि फट बंद होईल. तो वाळला की विटकरी. शेवटच्या हातानंतर रंग थोडा ओला असतानाच टेप तिरका ओढून काढा, पूर्ण वाळल्यावर काढला तर कड तुटून येते. विटकरीचा पहिला हात डागाळलेला दिसतो, मी घाबरून दुकानदाराला फोन केला होता. तिसऱ्या हातात तो एकसंध होतो.

दारं ओली असताना बंद करू नका, चौकटीला चिकटतात. आम्ही संध्याकाळी बाथरूमचं दार रंगवायची चूक केली. सकाळी नऊला रंगवा आणि खाली पाचर लावून अर्धवट उघडं ठेवा.

८. पहिले काही आठवडे

इमल्शन हाताला कोरडा लागला तरी पक्का व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर भिंत धुऊ नका, फार तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा. सासूबाईंच्या हातासाठी आम्ही यावेळी पट्टा न मारता लाकडी गोल कठडा बसवला, भिंतीच्याच रंगाचा, जमिनीपासून तीन फुटांवर. तीही एक पळती रेघ आहे हे मला माहीत होतं, पण त्यांना रात्री आधार हवाच होता, आणि रंग सारखा असल्यामुळे कठडा दिवसा फारसा दिसत नाही.

उरलेल्या दोन्ही रंगांची एकेक काचेची बरणी काठोकाठ भरून ठेवा. वर शेडचा कोड, दुकान आणि तारीख लिहा. आमची विटकरीची बरणी चौथ्याच महिन्यात उघडावी लागली, कपाट हलवताना कोपरा खरवडला गेला. तेवढाच भाग लहान रोलरने भरला, ब्रशने नाही, कारण ब्रशचा पोत वेगळा पडतो आणि डाग दिसत राहतो.